उलटी पानं, आडवी कोष्टकं

एखाद्या जुन्या ग्रंथालयाचे बांधीव वार्षिक अहवाल कुणीतरी मेहनतीने स्कॅन करतं, त्याची पीडीएफ ओसीआरमधून काढतं आणि मग शोधखिडकीत ‘वर्गणीदार’ असा शब्द टाकून पाहतं. शब्द मोजक्याच ठिकाणी सापडतो. पुस्तक चाळलं तर तोच शब्द पानोपानी दिसतो. ओसीआर चालू असताना कुठलीही तक्रार पडद्यावर आलेली नसते, काम बिनबोभाट पार पडलेलं असतं, आणि तरीही निम्मा मजकूर शोधाच्या हाती लागत नाही. अशा वेळी लोक देवनागरीच्या ओसीआरला नावं ठेवून मोकळे होतात. पुष्कळदा दोष त्याचा नसतो. निम्मी पानं त्याच्यापुढे डोकं खाली, पाय वर अशी गेलेली असतात. फाइल उघडणाऱ्याला ती उलटी दिसतात, पण माणूस मान वाकडी करून किंवा पडद्यावर पान फिरवून वाचतो आणि पुढे जातो. यंत्राला मान नाही.

ओसीआर म्हणजे पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखून त्यांचा शोधता येणारा मजकूर करणं. मराठीसाठी फुकट मिळणाऱ्या साधनांत टेसरॅक्ट हे सगळ्यात परिचित. ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत ऐंशीच्या दशकात ते जन्माला आलं, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं आणि पुढे गूगलने ते वाढवलं. आपण काही वेगळं सांगितलं नाही, तर टेसरॅक्ट पान सुलटच आहे असं गृहीत धरून कामाला लागतं. ते आधी ओळी शोधतं, आणि उलट्या पानावरच्या ओळीही ओळीच असतात, त्यामुळे तिथे त्याला काही खटकत नाही. मग प्रत्येक ओळीतल्या आकारांना जवळात जवळचं अक्षर चिकटवत ते पुढे जातं. ‘हे मला वाचता येत नाही’ असं ते सहसा म्हणत नाही, काहीतरी वाचतंच. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषा दिल्या असतील, तर उलट्या देवनागरी पानातून बहुधा रोमन अक्षरं, सुटे आकडे, स्वल्पविराम आणि मधेच एखादी वेलांटी असा काला बाहेर पडतो.

आकड्यांच्या पानावर हा प्रकार जास्त धोक्याचा. जमाखर्चाचं कोष्टक इंग्रजी आकड्यांत छापलेलं असेल, तर उलट्या पानावरचे 0, 1 आणि 8 जवळपास जसेच्या तसे राहतात आणि 6 व 9 एकमेकांची जागा घेतात. 86 रुपये 98 होतात, 1689 चे 6891 होतात. 1961 हे साल तर उलटं धरलं तरी 1961 च. मजकुरातला काला डोळ्यांत भरतो, पण असा आकडा खरा वाटतो आणि पुढे कुणाच्या तरी लेखात जाऊन बसतो.

पानं उलटी होतात कशी, हे एकदा नीट कळलं की दुरुस्तीचा मोठा भाग आपोआप सुटतो, म्हणून तिथे जरा थांबू. सुटी पानं स्कॅनरच्या खाचेतून दोन्ही बाजूंनी ओढली जातात, तेव्हा पान कोणत्या कडेवर उलटतं हे आधी सांगावं लागतं. पुस्तकाचं पान लांब कडेवर उलटतं, भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं आखूड कडेवर. ही निवड चुकली की प्रत्येक मागची बाजू उलटी येते. बांधीव पुस्तकाचं कारण वेगळं असतं. जाड खंड काचेवर पूर्ण उघडून ठेवला तर शिवण उसवते, म्हणून स्कॅन करणारा एक बाजू काचेवर आणि दुसरी बाहेर लोंबती ठेवतो. उजवं पान झालं की डाव्या पानासाठी तो अख्खं पुस्तक अर्धा फेरा फिरवतो. शिवणीच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे, फक्त सगळी डावी पानं उलटी येतात. आडवी पानं मात्र छापणाऱ्याचीच देणगी. रुंद कोष्टक उभ्या पानात बसत नाही, म्हणून ते आडवं छापतात. नेहमीची पद्धत अशी की कोष्टकाचा माथा पानाच्या डाव्या कडेला, म्हणजे वाचताना पुस्तक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावं लागतं.

या सगळ्यात सोयीची गोष्ट एकच: चूक हाताच्या किंवा यंत्राच्या एकाच हालचालीतून आलेली असते, म्हणून ती नियमाने येते. एक सोडून एक, किंवा सलग चार. तेव्हा पानांची दिशा ठरवण्याचं काम लगेच सॉफ्टवेअरवर सोपवू नये, असं माझं मत आहे. आधी सगळी पानं थंबनेलच्या रूपात, म्हणजे नखाएवढ्या चित्रांत, एकत्र पाहावीत. देवनागरी वाचणाऱ्याला इथे एक फायदा मिळतो. अक्षरं वाचता न येण्याइतकी बारीक झाली तरी शिरोरेषा दिसते. सुलट पानावर ती प्रत्येक ओळीच्या माथ्यावर असते. उलट्या पानावर प्रत्येक ओळ अधोरेखित केल्यासारखी दिसते. दुसरी खूण परिच्छेदाची. परिच्छेदाची शेवटची ओळ अर्धवट राहते आणि तिच्या उजवीकडे कोरी जागा उरते. ही कोरी जागा डावीकडे आणि परिच्छेदाच्या वरच्या टोकाला दिसली, तर पान उलटं आहे. या दोन खुणांवर शंभर पानांची फाइल पाच-दहा मिनिटांत पाहून होते.

आता एक उदाहरण धरून चालू. समजा, ग्रंथालयाच्या अहवालांचा एक खंड काचेवर वर सांगितल्याप्रमाणे स्कॅन केलेला आहे. पहिली दोन चित्रं मुखपृष्ठाची, बाहेरचं आणि आतलं. म्हणजे छापील पान १ हे पीडीएफमधलं पान ३. हा फरक कागदावर लिहून ठेवावा, कारण पुढे सगळीकडे पीडीएफचेच क्रमांक वापरायचे आहेत. थंबनेलवर दिसतं की सम क्रमांकाची पानं उलटी आहेत. ४३ ते ४६ या पानांवर आडवी कोष्टकं आहेत. त्यातल्या ४३ आणि ४५ वर माथा डावीकडे, ४४ आणि ४६ वर उजवीकडे. पुढे ५८ पासून नियम मोडतो. ५८ वं पान सुलट, ५९ वं उलटं, ६० वं सुलट, आणि तिथून शेवटपर्यंत विषम पानंच उलटी.

नियम मधेच पलटला, तर त्या जागी एखादं पान दोनदा स्कॅन झालंय किंवा एखादं सुटलंय, असं समजावं. छापील क्रमांक पाहिले की कळतं. इथे ५७ आणि ५८ दोन्हींवर छापील ५५ च आहे. पान हललं असेल, म्हणून पुन्हा घेतलं असेल. दोन्हींतलं स्पष्ट ठेवायचं, दुसरं काढायचं, आणि हे काम फिरवाफिरवीच्या आधी करायचं. कारण जादा पान गेलं की मागची सगळी पानं एकेका घराने पुढे सरकतात आणि उलटी पानं शेवटपर्यंत पुन्हा सम क्रमांकांवर येतात. ५९ चं ५८ होतं, ६१ चं ६०. दोन नियमांच्या जागी एकच नियम उरतो.

यासाठी `qpdf` हा छोटा, फुकट प्रोग्रॅम पुरतो. तीन आज्ञा, एकामागून एक:

```
qpdf mool.pdf --pages . 1-57,59-z -- a.pdf
qpdf a.pdf b.pdf --rotate=+180:1-z:even
qpdf b.pdf c.pdf --rotate=+90:43-46
```

पहिली ओळ ५८ वं पान वगळते. `z` म्हणजे शेवटचं पान. दुसरी सगळी सम पानं अर्धा फेरा फिरवते. तिसरी कोष्टकांची चार पानं घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा फिरवते. या क्रमालाही अर्थ आहे. मूळ स्कॅनमध्ये चार कोष्टकांची तोंडं दोन दिशांना होती. दुसऱ्या ओळीने ४४ आणि ४६ अर्धा फेरा फिरली, त्यामुळे चारही माथे डावीकडे आले आणि तिसरी ओळ चौघांना सारखी लागू पडली. आधी कोष्टकांना हात घातला असता, तर प्रत्येक पानाचा वेगळा हिशोब करावा लागला असता.

दुसऱ्या ओळीतला `even` जरा फसवा आहे. त्याचा अर्थ सम क्रमांकाची पानं असा नाही. दिलेल्या यादीतल्या सम जागांवरची पानं, असा आहे. यादी १ पासून सुरू झाली तर दोन्ही अर्थ एकच. पण ‘पहिलं पान सुलटच आहे, दोनपासून सुरू करू’ म्हणून `2-z:even` लिहिलं, तर यादीतलं दुसरं पान म्हणजे ३, मग ५, मग ७, आणि नेमकी सुलट पानं उलटी होतात. आकड्याआधीचं `+` चिन्हही विसरू नये. ते असेल तर पान सध्याच्या स्थितीपासून फिरतं. नसेल तर आधीचं फिरवणं पुसून नवा कोन लागू होतो. आज्ञा लिहायचा कंटाळा असेल, त्यांनी `PDFsam Basic` घ्यावं. त्यात फक्त सम किंवा फक्त विषम पानं फिरवायची सोय खिडकीतच आहे.

पानं फिरवली म्हणजे नेमकं काय झालं? `qpdf` पानाच्या चित्राला हात लावत नाही. पीडीएफमध्ये प्रत्येक पानासोबत `/Rotate` नावाची एक नोंद असू शकते: हे पान दाखवताना ९०, १८० किंवा २७० अंश फिरवून दाखवा. बरणीवरची चिठ्ठी बदलावी तसं हे आहे, आतला माल जसाच्या तसा. त्यामुळे काम क्षणात होतं आणि चित्राचा दर्जा तसूभरही घटत नाही. पण यातूनच दोन घोटाळे निघतात. पीडीएफ वाचायच्या अनेक प्रोग्रॅममध्ये ‘दृश्य फिरवा’ अशी सोय असते. ती फक्त आपल्या पडद्यापुरती. नोंद बदलत नाही, फाइल जपली तरी ओसीआरला जुनंच पान मिळतं. दुसरा घोटाळा याच्या उलट. नोंद बदललेली असते, पान पडद्यावर सुलट दिसतं, आणि मग कुणीतरी `pdfimages` वापरून आतली मूळ चित्रं बाहेर काढतं आणि ती ओसीआरला देतं. ती चित्रं नोंद वाचत नाहीत, उलटीच बाहेर येतात. चित्रं काढायचीच असतील तर `pdftoppm` ने काढावीत. तो पान जसं दिसतं तसं चितारतो.

```
pdftoppm -r 300 -png c.pdf pan
```

इथला ३०० हा आकडा इंचामागे ठिपक्यांचा. साध्या छपाईच्या मजकुराला तेवढा पुरतो.

आता यंत्राच्या अंदाजाकडे येऊ, कारण प्रत्येक गठ्ठ्याला असा सरळ नियम असतोच असं नाही. दहा जणांनी मोबाइलवर काढलेले फोटो एकत्र केले असतील, तर पानं चारही दिशांना तोंडं करून बसलेली असतात. टेसरॅक्टला फक्त दिशा विचारायची सोय आहे. त्यासाठी `osd` नावाची वेगळी माहितीफाइल बसवलेली असावी लागते.

```
tesseract pan-12.png - --psm 0
```

उत्तरात पानाची दिशा, किती फिरवायचं ते, लिपी कोणती, आणि या दोन्ही अंदाजांवर त्याचा स्वतःचा भरवसा किती, एवढं येतं. `Orientation in degrees` आणि `Rotate` अशा दोन ओळी दिसतात. आडव्या पानाला एकीत ९० आणि दुसरीत २७० असं आलं, तर गोंधळू नये. आपल्या कामाची ओळ `Rotate`: घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तेवढं फिरवा, की पान सुलट.

हा अंदाज काढताना टेसरॅक्ट पानावरचे सुटे सुटे आकार उचलतं, प्रत्येक आकार चारही बाजूंनी फिरवून पाहतं, कोणत्या बाजूने तो ओळखीच्या अक्षराशी जास्त जुळतो त्याची नोंद करतं आणि शेवटी बेरीज मांडतं. रोमन लिपीत एक सुटा आकार म्हणजे साधारण एक अक्षर. देवनागरीत शिरोरेषेने अख्खा शब्द एकसंध बांधलेला असतो. जी शिरोरेषा आपल्याला नखाएवढ्या चित्रात दिशा सांगते, तीच यंत्राची वाट बिकट करते. त्यात पानावर मजकूर थोडा असला तर बेरीज करायलाच काही उरत नाही. अर्पणपत्रिका, फोटोंचं पान, प्रकरणाचा शेवट अशा पानांवर ते सरळ सांगतं, `Too few characters. Skipping this page`, आणि पुढे जातं.

`OCRmyPDF` हा प्रोग्रॅम हाच अंदाज वापरून पानं आपोआप फिरवतो. त्याला `--rotate-pages` असं सांगावं लागतं. भरवशाचा आकडा १४ च्या वर असेल तरच तो पान फिरवतो. हे १४ टक्के नव्हेत. टेसरॅक्टच्या आतल्या मोजमापातला तो एक आकडा आहे, त्याला एकक नाही. दाट मजकुराच्या पानावर तो सहज ओलांडला जातो, विरळ पानावर नाही. त्यामुळे उलटी पानं काही सुलटी होतात, काही तशीच राहतात. मग लोक `--rotate-pages-threshold` ने हा उंबरठा पाच किंवा दोनवर आणतात, आणि आधीपासून सुलट असलेलं एखादं कोष्टक उलटं होऊन बसतं. मला विचाराल तर उंबरठा खाली आणण्यापेक्षा उरलेली पानं हाताने फिरवावीत. न फिरलेलं पान निदान जिथे शोधायचं तिथे सापडतं. यंत्राने चुकून फिरवलेलं पान कुठे असेल याचा काही नियम नसतो. आणि उत्तरात लिपी देवनागरीऐवजी भलतीच आली असेल, तर त्या पानाच्या दिशेवरही विश्वास ठेवू नये. लिपीच ओळखली नाही तर दिशा कुठून ओळखणार?

आपल्या उदाहरणातल्या खंडाला याची गरज पडली नाही. पानं सुलट झालेली आहेत, आता ओसीआर:

```
ocrmypdf -l mar+eng --deskew --sidecar c.txt c.pdf tayar.pdf
```

`--deskew` हे वेगळं काम करतं. काचेवर पान दोन-तीन अंशांनी कललेलं असतं, तो कल ते काढतं. पाव आणि अर्धा फेरा आधी, कल नंतर, हा क्रम पाळावा. उलट्या पानाचा कल काढला तर ते सरळ रेषेत उलटं राहतं, एवढंच. `--sidecar` मुळे ओळखलेला सगळा मजकूर `c.txt` या साध्या फाइलमध्येही उतरतो, आणि पुढच्या तपासणीला तोच उपयोगी पडतो. जुन्या, फसलेल्या ओसीआरचा मजकूर ज्या फाइलमध्ये आधीच बसलाय, ती इथे देऊन चालत नाही. पानांवर मजकूर आहे असं पाहून प्रोग्रॅम थांबतो. `--force-ocr` ने त्याला जबरदस्ती करता येते, पण मग तो प्रत्येक पानाचं नव्याने चित्र करतो, आणि त्यात दर्जा घसरू शकतो. मूळ स्कॅन हाताशी असेल तर तिथूनच सुरुवात करावी.

तपासणीसाठी प्रत्येक शब्द वाचायची गरज नाही. मराठीच्या कुठल्याही भरल्या पानावर ‘आणि’, ‘आहे’, ‘व’, ‘या’ यांपैकी काही ना काही असतंच. `c.txt` मध्ये प्रत्येक दोन पानांच्या मधे पान बदलल्याचं चिन्ह असतं, त्यामुळे कोणत्या पानावर यातला एकही शब्द नाही हे काढता येतं. अशी पानं तीन प्रकारची निघतात: कोरी किंवा फोटोंची, निव्वळ आकड्यांची, आणि अजून उलटी असलेली. पहिल्या दोन प्रकारांची यादी थंबनेल पाहतानाच तयार झालेली असते. ती वजा केली की उरतात ती दुरुस्तीची पानं. कोष्टकांना हे शब्द लागू नाहीत, तिथे दुसरी युक्ती. जमाखर्चात बेरीज दिलेलीच असते; एका रकान्याचे ओळखलेले आकडे बेरजेशी ताडून पाहावेत. पान उलटं राहिलं असेल, तर बेरीज रकान्याच्या तळाऐवजी माथ्यावर येते आणि जुळत तर नाहीच.

एक पान मात्र कुठल्याही बाजूने फिरवलं तरी पूर्ण सुटत नाही. आडव्या कोष्टकाच्या वर अहवालाचं नाव आणि पानाचा क्रमांक उभ्या दिशेने छापलेले असतात. कोष्टक सुलट केलं की ही ओळ आडवी होते. बहुतेक वेळा तिच्याकडे दुर्लक्ष करावं; तिच्यातून आलेली दोन-चार निरर्थक अक्षरं कुणाला अडवत नाहीत. पण एकाच पानावर अर्धा मजकूर उभा आणि अर्धं कोष्टक आडवं असं असेल, तर ते पान फाइलमध्ये दोनदा ठेवावं, एकदा मजकुरासाठी, एकदा फिरवून कोष्टकासाठी. पानांची संख्या एकाने वाढते आणि तिथून पुढे पीडीएफचे आणि छापील क्रमांक यांच्यातला फरक बदलतो; तो त्याच कागदावर, मुखपृष्ठाच्या दोन पानांच्या नोंदीखाली लिहावा.